सात मसुदे आणि एक वाक्य: ओतकामातील एका अभियंत्याच्या ई-मेलचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापूरच्या एका औद्योगिक वसाहतीतील मध्यम आकाराच्या फाउंड्रीत काम करणाऱ्या अभियंता मुलीचे आहे. तिच्या संमतीने ते लिहीत असून ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. लेखात तिला वैदेही म्हणू. मी स्वतः ओतकामाच्या गुणवत्ता विभागातून निवृत्त झालो आहे. वैदेही नोकरीला लागली तेव्हा तिच्या तुकडीला साच्यांच्या वाळूच्या चाचण्या मी शिकवल्या होत्या, आणि त्या ओळखीवर तिने आपल्या ई-मेलचा पहिला मसुदा मला दाखवला.

वैदेहीचे गाव राधानगरी तालुक्यात, भोगावतीच्या काठाला आहे. गावाच्या उपसा सिंचन योजनेवर ज्या कंपनीचे पंप बसवलेले आहेत, त्याच कंपनीत नोकरी करावी असे तिच्या मनात शाळेपासून होते. पंप उघडला की त्याच्या केसिंगवर उठावदार अक्षरांत ओतलेले कंपनीचे नाव ती लहानपणी बोटाने गिरवत असे. मेकॅनिकल अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर ती ज्या फाउंड्रीत लागली, तिथे ग्रे आयर्नची, म्हणजे साध्या बिडाची, पंप केसिंग ओतली जात होती. मात्र ती दुसऱ्याच एका ग्राहकासाठी. चार वर्षे तिने वाळूची प्रयोगशाळा आणि रिजेक्शनचे विश्लेषण ही दोन कामे सांभाळली.

कोल्हापुरातील फाउंड्री व्यावसायिकांच्या एका तांत्रिक बैठकीत त्या पंप कंपनीच्या पुरवठादार गुणवत्ता विभागाचे प्रमुख बोलायला आले होते. बाहेरून येणाऱ्या केसिंगमध्ये मशिनिंगनंतर पिनहोल, म्हणजे बारीक छिद्रे, उघडे पडतात आणि पुरवठादार दर वेळी वेगळे कारण सांगतात, अशी त्यांची तक्रार होती. वैदेही शेवटच्या रांगेत बसली होती. प्रश्नोत्तरांत तिने हात वर केला नाही, चहाच्या वेळी पुढे गेली नाही, आणि घरी येऊन त्याच रात्री ई-मेल लिहायला बसली. गृहस्थांनी आपला ई-मेल पत्ता पडद्यावरच दाखवला होता, त्यामुळे तो शोधावा लागला नाही.

अडचण

पहिला मसुदा चारशेहून अधिक शब्दांचा होता. सुरुवातीच्या तीन वाक्यांत दोन वेळा क्षमा मागितलेली होती: एकदा अमूल्य वेळ घेतल्याबद्दल आणि एकदा ओळख नसताना लिहिल्याबद्दल. मग गाव, शाळा, पदवीचे गुण, गावच्या पंपाची आठवण आणि कंपनीविषयीचा आदर असे क्रमाने आले होते. शेवटी ‘माझ्या पात्रतेस योग्य अशी एखादी जागा असल्यास विचार व्हावा, नसल्यास काहीही हरकत नाही’ असे लिहिले होते. पिनहोल हा शब्द संपूर्ण पत्रात कुठेही नव्हता.

त्या गृहस्थांनी चारशे लोकांसमोर स्वतःची अडचण सांगितली होती, आणि त्याच अडचणीवर जिने वर्षभर काम केले होते ती मुलगी त्यांना आपल्या पदवीच्या गुणांविषयी लिहीत होती. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “सर, ते काम काही माझ्या एकटीचं नाही. आणि मी सोडवलं असं लिहिलं, तर ते विचारतील, मग?” या दोन वाक्यांत तिच्या दोन वेगळ्या भीती आहेत. दुसऱ्यांच्या कामाचे श्रेय आपल्याकडे येईल ही पहिली, आणि उलट प्रश्न आला तर आपण उघडे पडू ही दुसरी. मी तेव्हा दोन्ही भीतींना ‘लाजाळूपणा’ असे एकच नाव दिले, आणि माझी पहिली चूक तिथेच झाली.

वाचकाला पुढचे समजावे म्हणून तिने केलेले काम इथे थोडक्यात सांगणे भाग आहे. तिच्या फाउंड्रीतील केसिंग ग्राहकाकडे मशिनिंगला गेली की एक-दोन मिलिमीटर कातल्यावर पृष्ठभागाखाली टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे दिसत. कारखान्यात यावर दोन मते होती. वितळ विभाग कोअरच्या, म्हणजे केसिंगमधली पोकळी घडवण्यासाठी साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्याच्या, रेझिनला दोष देई, तर कोअर विभाग भट्टीत पडणाऱ्या पोलादी भंगाराला, म्हणजे त्यातून येणाऱ्या नायट्रोजनला. वाळूकडे कोणीच बोट दाखवत नव्हते, कारण प्रयोगशाळेचा वाळूतील ओलाव्याचा अहवाल रोज मर्यादेत येत होता. तो अहवाल वैदेहीच्याच सहीने जात होता.

तिने नाकारलेल्या कास्टिंगवरचे तारीख आणि पाळीचे संकेत वहीत उतरवले, तेव्हा बहुतेक माल पाळीच्या उत्तरार्धातला निघाला. त्या वेळेपर्यंत तीच वाळू अनेकदा फिरून आलेली असे आणि पट्ट्यावरून परतणाऱ्या वाळूचे तापमान पन्नास अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असे. गरम वाळू मिक्सरपासून साच्यापर्यंत जाता जाताच वाळते. मिक्सरवरचा कामगार ती मुठीत दाबून पाहतो, कोरडी लागली की पाणी वाढवतो, आणि ते जादा पाणी वाफ होऊन बंद साच्यातल्या थंड कोअरवर जमते. वितळलेले लोखंड त्या ओलाव्याला भिडले की हायड्रोजन सुटतो, लोखंडाच्या पृष्ठभागाजवळ विरघळतो, आणि धातू गोठताना बारीक छिद्रांच्या रूपाने बाहेर पडतो.

मग अहवाल मर्यादेत कसा येत होता? नमुना मिक्सरपाशी उघड्या ताटलीत घेतला जाई आणि प्रयोगशाळेत पोहोचून तपासला जाईपर्यंत पंधरा-वीस मिनिटे जात. तेवढ्या वेळात गरम वाळूतला जादा ओलावा उडून गेलेला असे. वैदेहीने झाकणाच्या डब्यात नमुना घेऊन मिक्सरशेजारीच तपासायला सुरुवात केली, आणि सकाळी साडेतीन टक्क्यांच्या आसपास असणारा आकडा दुपारी चार टक्क्यांच्या पुढे गेलेला दिसू लागला. स्वतःच्या सहीचे आदल्या वर्षभराचे अहवाल दिशाभूल करणारे होते, हे तिने स्वतःच दाखवून दिले. अशा कामाला किती धैर्य लागते हे फाउंड्रीत राहिलेल्या माणसाला सांगायला नको. आणि हीच मुलगी ई-मेलमध्ये ‘हरकत नाही’ असे लिहीत होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय कंपनीच्या संकेतस्थळावर रीतसर अर्ज भरण्याचा होता. तो तिच्या स्वभावाला सोयीचा होता, कारण तिथे रकाने असतात आणि कोणाशी बोलावे लागत नाही. पण त्या महिन्यात तिथे लागलेल्या जागा विक्री आणि रचना विभागांच्या होत्या, आणि वाळूचे काम कोणत्याच रकान्यात बसत नव्हते.

दुसरा पर्याय माझा होता. त्या गृहस्थांचा आणि माझा जुना परिचय असल्यामुळे मी फोन करून तिचे नाव सुचवू शकलो असतो. तिने हे ठामपणे नाकारले. ओळखीने गेले तर काम पाहून घेतले की सरांच्या शब्दाखातर घेतले, हे आयुष्यभर कळणार नाही, असे तिचे म्हणणे पडले. मला ते थोडे हट्टाचे वाटले, पण मी आग्रह केला नाही.

तिसरा पर्याय थेट ई-मेलचा होता, आणि त्यातही दोन वाटा होत्या. नोकरी मागणारे पत्र लिहावे, की त्यांच्या अडचणीवर आपण काय करू शकतो हे सांगणारे? दुसऱ्या प्रकारच्या पत्राला अधिक किंमत असते, पण त्यात लपायला जागा नसते. आठवडाभर ती पहिल्याच वाटेने जात राहिली आणि मी तिला मदत करण्याच्या नावाखाली त्या वाटेवर आणखी पुढे ढकलत राहिलो.

काय केले

दुसरा मसुदा खरे तर माझाच होता. मी तिची क्षमायाचना काढून टाकली आणि त्या जागी इंग्रजीतली भारदस्त विशेषणे घातली: ‘हार्डवर्किंग’, ‘रिझल्ट-ओरिएंटेड’, ‘पॅशनेट’. महाविद्यालयाच्या प्लेसमेंट विभागात वाटल्या जाणाऱ्या नमुन्यासारखे ते पत्र झाले. वैदेहीने ते वाचले, आभार मानले आणि पाठवले नाही. चार दिवसांनी विचारल्यावर तिने हळूच सांगितले की या पत्रातली मुलगी मुलाखतीला बोलावली गेली, तर तिच्या जागी कोण जाणार हा प्रश्न तिला पडला होता.

तिसऱ्या मसुद्यात तिने उलट टोक गाठले. स्वतःला येणाऱ्या सगळ्या चाचण्यांची यादी दिली: ओलावा, कॉम्पॅक्टॅबिलिटी, पर्मिएबिलिटी, ग्रीन कॉम्प्रेशन स्ट्रेंथ, सक्रिय बेंटोनाइट, ज्वलनातील घट. यादी खरी होती आणि तिच्यात बढाई नव्हती, म्हणून तिला ती सुरक्षित वाटत होती. पण या चाचण्या येणारी माणसे त्या कंपनीला प्रत्येक पुरवठादाराकडे भेटत असणार. हत्यारांची यादी वाचून कारागीर काय दुरुस्त करतो ते कळत नाही.

वळण आले ते ठरवून आले नाही. तिसऱ्या मसुद्यावर बोलता बोलता मी सहज म्हणालो, “तुमच्याकडची छिद्रं नायट्रोजनची पण असू शकतील की.” ती लगेच म्हणाली, “नाही सर. नायट्रोजनची असती तर चिरेसारखी लांबट दिसली असती. ही गोल होती, आतून चकचकीत, आणि ग्राफाइटचा पातळ पापुद्रा होता. चाळीस नमुने कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेत मी.” या चार वाक्यांत ‘मला वाटते’ नव्हते, ‘आम्ही’ नव्हते आणि क्षमाही नव्हती. मी तिला तीच वाक्ये जशी बोलली तशी, मराठीतच, कागदावर उतरवायला सांगितली. तिच्या लेखनातली भीड बरीचशी इंग्रजीच्या ठरावीक वाक्यांतून येत होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले. त्या वाक्यांचा साचा नम्रतेचाच असतो, आणि ती त्या साच्यात स्वतःला ओतत होती. चौथा मसुदा म्हणून पूर्ण मराठीत झाला आणि नंतर तिने तो स्वतःच इंग्रजीत नेला.

पाचव्या मसुद्याच्या वेळी श्रेयाचा प्रश्न सोडवावा लागला. सुरुवातीला प्रत्येक क्रियापद ‘आम्ही’चे होते, आणि त्यामुळे वाचणाऱ्याला तिने नेमके काय केले ते कळत नव्हते. मी सगळीकडे ‘मी’ लिही म्हणालो, तर ते तिला खोटे वाटले, आणि तिचे बरोबर होते. शेवटी आम्ही कामाचे तुकडे पाडले. पाळीचे संकेत मांडणे, सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी आणि नमुना घेण्याची जागा व पद्धत बदलणे हे तिचे होते. पाळीच्या उत्तरार्धाकडे प्रथम लक्ष वेधणारा साचा विभागाचा फोरमन होता. परतीच्या पट्ट्यावर पाण्याचा फवारा आणि पंखे बसवून वाळू मिक्सरच्या आधीच थंड करण्याची व्यवस्था देखभाल विभागाने केली. हे तिन्ही पत्रात जसेच्या तसे गेले. दुसऱ्यांचा वाटा स्पष्ट लिहिल्यावर स्वतःचा वाटा लिहिताना तिचा हात अडखळला नाही, याचे मला आजही नवल वाटते.

याच टप्प्यावर गोपनीयतेचा निर्णय आला. रिजेक्शनची नेमकी टक्केवारी तिच्या मालकांची माहिती होती आणि ग्राहकाचे नाव तर कराराने गोपनीय होते. आकडा नसेल तर दाव्याला वजन नाही, आणि आकडा दिला तर जी मुलगी एका कारखान्याची माहिती बाहेर देते ती आपलीही देईल, असे समोरच्याला वाटायला जागा राहते. तिने ‘चार महिन्यांत निम्म्याहून कमी’ एवढेच लिहिले, ग्राहकाचे नाव गाळले आणि तसे गाळल्याचे पत्रात सांगितले. मूळ टक्केवारी मीही या लेखात देत नाही.

सहावा मसुदा फक्त विषयाच्या ओळीचा आणि क्रमाचा होता. आधीचा विषय ‘योग्य पदासाठी अर्ज’ असा होता. तो बदलून त्यांच्या अडचणीचे नाव वर आणले. गावच्या पंपाची आठवण तिला ठेवायची होती. मी काढ म्हणालो, तिने काढली नाही. मात्र पहिल्या परिच्छेदातून उचलून शेवटच्या एका ओळीत नेली. आता पाहता निर्णय तिचाच योग्य होता.

सातव्यात तिने एकच वाक्य घातले आणि एक काढले. काढलेले वाक्य ‘नसल्यास हरकत नाही’ हे होते. घातलेले वाक्य पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदाचे पहिले वाक्य झाले. पाठवलेल्या पत्राचा मराठी मजकूर असा होता:

*विषय: पंप केसिंगमधील पिनहोल – वाळूतील कारण पुरवठादाराकडे जाऊन शोधण्याबाबत*

*नमस्कार. कोल्हापूरच्या बैठकीत आपण मशिनिंगनंतर दिसणाऱ्या पिनहोलविषयी बोललात. गेली चार वर्षे मी एका फाउंड्रीत वाळूची प्रयोगशाळा आणि रिजेक्शनचे विश्लेषण सांभाळते.*

*आपल्या पुरवठादाराच्या कारखान्यात दोन आठवडे थांबून, पिनहोल वाळूच्या ओलाव्यामुळे येतात की नाही, हे मी पुराव्यासह सांगू शकते. आमच्याकडे फोरमनने पाळीच्या उत्तरार्धाकडे लक्ष वेधले. मी कास्टिंगवरचे संकेत मांडले, चाळीस नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून नायट्रोजनची शक्यता बाजूला केली, आणि वाळूचा नमुना मिक्सरशेजारीच तपासून प्रयोगशाळेच्या अहवालातील चूक दाखवली. देखभाल विभागाने वाळू थंड करण्याची व्यवस्था केली. चार महिन्यांत हे रिजेक्शन निम्म्याहून कमी झाले. ग्राहकाचे नाव आणि नेमके आकडे गोपनीय असल्याने दिलेले नाहीत. कारण कोअरमध्ये किंवा धातूत असेल, तर ते वाळूत नाही एवढे मी खात्रीने सांगेन. त्यापुढचे काम माझ्या अनुभवाबाहेरचे आहे.*

*आपल्या विभागात या कामासाठी मला नोकरी करायची आहे. आमच्या गावच्या उपसा योजनेवर आपलेच पंप आहेत.*

दोन आठवड्यांची मर्यादा आणि ‘त्यापुढचे काम माझ्या अनुभवाबाहेरचे’ ही कबुली, या दोन गोष्टींनी तिची दुसरी भीती गेली. उलट प्रश्न आला तर काय, याचे उत्तर आता पत्रातच होते. ती घाबरत होती ती दाव्याला नव्हे, दाव्याला कुंपण नसण्याला, हे मला सातव्या मसुद्याला कळले. पत्र तिने स्वतःच्या खासगी खात्यावरून, सुट्टीच्या दिवशी, घरच्या संगणकावरून पाठवले.

निष्पत्ती

नऊ दिवस उत्तर आले नाही. सहाव्या दिवशी तिने ‘त्रास दिल्याबद्दल क्षमस्व’ असे एक पत्र लिहून ठेवले होते. ते मला दाखवायला आणले म्हणून थांबले. त्याऐवजी दहाव्या दिवशी दोन ओळींची आठवण गेली, आणि त्याच संध्याकाळी उत्तर आले. त्यात अभिनंदन किंवा कौतुक काही नव्हते. दोन प्रश्न होते: नमुना मिक्सरपाशी घेता की साचा भरण्याच्या जागी, आणि कोअरमधून येणारा वायू कसा वेगळा ओळखता? पहिल्याचे उत्तर तिने पूर्ण दिले. दोन्ही ठिकाणी घ्यावा, कारण त्यांच्यातला फरकच वाळू किती वाळते ते सांगतो, असे तिने लिहिले. दुसऱ्यावर तिने लिहिले की छिद्रे कोअरला लागून, मोठी आणि गुळगुळीत असतील तर तिला कोअरवर संशय येतो, पण कोअरची स्वतंत्र वायुचाचणी तिने केलेली नाही.

नोकरी लगेच मिळाली नाही, कारण विभागात जागा नव्हती. दीड महिन्यानंतर फोनवर अर्धा तास बोलणे झाले, आणि साडेचार महिन्यांनी पुरवठादार विकास अभियंता म्हणून तिला घेतले. पगार तिच्या अपेक्षेपेक्षा थोडा कमी आहे आणि महिन्यातले पंधरा-सोळा दिवस पुरवठादारांच्या कारखान्यांत जातात. तिने पाहिलेल्या पहिल्या दोन फाउंड्रींपैकी एकीत दोष वाळूत होता. दुसरीत नव्हता, आणि तसे तिने अहवालात एका वाक्यात लिहिले.

वेगळे काय करता आले असते

माझा दुसरा मसुदा व्हायलाच नको होता. संकोची माणसाच्या तोंडी धीट माणसाची भाषा घातली की तो आणखी गप्प होतो, आणि आमचे चार दिवस त्यात गेले. सुरुवातीलाच पत्र बाजूला ठेवून मी तिला कामाविषयी एखादा चुकीचा तर्क ऐकवला असता, तर मजकूर पहिल्याच संध्याकाळी मिळाला असता.

बैठकीत तिने हात वर केला असता तर हे पत्र लागलेच नसते, असे काही परिचितांनी म्हटले. ते मला पटत नाही. त्या दिवशी तिला जे एका वाक्यात सांगता आले नसते, ते शोधायलाच हे मसुदे लागले. मात्र पत्रात चाळीस नमुन्यांपैकी एखाद्याचे छायाचित्र जोडावे की नाही, यावर आम्ही पुरेसा विचार केला नाही. मालकांच्या कास्टिंगचे छायाचित्र त्यांच्या परवानगीशिवाय देणे गैरच होते, पण ग्रे आयर्नचे साधे नमुने प्रयोगासाठी ओतून तिला त्यांचे छायाचित्र काढता आले असते, आणि दुसरा प्रश्न कदाचित आलाच नसता.

जुन्या मालकांना तिने राजीनाम्याच्या दिवशीच सगळे सांगितले. ते नाराज झाले, दोन दिवस बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी नमुना घेण्याची पद्धत नव्या मुलाला शिकवून जा म्हणून सांगितले. नोटीसच्या महिन्यात ती ते काम करत होती. झाकणाचा डबा अजूनही मिक्सरशेजारच्या खिळ्याला टांगलेला आहे.